तीन तासांनंतरची पन्नास मिनिटं

रत्नागिरी स्टेशनच्या फलाटावर जुलैतल्या त्या संध्याकाळी माझी मावशी, मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी असे चौघे बसले होते. मी त्यांना पोचवायला गेलो होतो. गाडीची रत्नागिरीहून सुटायची वेळ ६ वाजून २० मिनिटं. सकाळी उडुपीला उतरायचं आणि तिथून ठरवलेल्या गाडीनं शृंगेरीला जायचं, असा बेत होता. थर्ड एसीची चार तिकिटं मावसभावानं दीड महिना आधी स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरून काढली होती. भाडं माणशी ९४० रुपये, म्हणजे चौघांचे ३,७६०. कार्डानं पैसे भरल्यामुळे वर सुविधा शुल्काचे ३५ रुपये ४० पैसे.

पाच वाजता रेल्वेच्या चौकशी अ‍ॅपवर गाडी रत्नागिरीला ९ वाजून ५ मिनिटांनी येईल असं दिसत होतं. साडेसात वाजता तीच वेळ दहाच्या पुढे गेली. उडुपीत दुपार होणार, तिथली गाडी थांबणार नाही आणि शृंगेरीची खोली एका रात्रीचीच होती. मावशी म्हणाली, "बाळा, आता नको जायला. पण पैसे गेले ना आपले?"

पैसे जायचं काहीच कारण नव्हतं. मात्र ते परत मिळण्याचा रस्ता अगदी अरुंद आहे, आणि त्या रात्री तो ९ वाजून २० मिनिटांनी उघडून १० वाजून १० मिनिटांनी बंद झाला. या पन्नास मिनिटांबद्दल बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसतं, म्हणून हा लेख.

तिकीट रद्द करणं आणि परतावा देणं यासाठी रेल्वेचे २०१५ चे नियम आहेत. ते त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यांत उशिराच्या गाडीविषयी असं आहे, की गाडी तुमच्या स्टेशनावरून सुटायच्या ठरलेल्या वेळेपेक्षा तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर पूर्ण भाडं परत मिळतं. तिकीट पक्कं असो, आरएसी असो, की वेटिंगचं, तिन्हींना हे लागू आहे. एरवी पक्क्या तत्काळ तिकिटाचा एक पैसाही परत मिळत नाही, पण या कारणासाठी त्याचेही पूर्ण पैसे तत्काळ शुल्कासकट मिळतात. तत्काळ काढलेली माणसं हे माहीत नसल्यामुळे हात झटकून घरी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

अट एकच, पण कडक. ऑनलाइन तिकिटाचा दावा गाडी तुमच्या स्टेशनावरून प्रत्यक्ष सुटायच्या आत दाखल झाला पाहिजे. घरी जाऊन जेवून, झोपून, दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत केलेला दावा या कारणाखाली टिकत नाही. उशीर सहा तासांचा असो की दहा तासांचा, गाडी हलली की दार बंद.

अशी अट का, हे समजून घेतलं की ती लक्षात राहते. चालत्या गाडीत बर्थ क्रमांक ३२ वर कोण बसलं होतं, हे नंतर सिद्ध करणं कठीण. प्रवास करून उतरायचं आणि मग 'मी गेलोच नव्हतो' म्हणून पैसे मागायचे, ही वाट रेल्वेला बंद ठेवायची आहे. गाडी सुटायच्या आत तुम्ही दावा केलात की तुम्ही जाणार नाही हे आधीच नोंदलं जातं, आणि पुढे टीसीच्या नोंदीतही तुमच्या नावापुढे 'आले नाहीत' असंच यावं लागतं. या दोन नोंदी जुळल्या की दाव्याला आधार मिळतो.

या दाव्याला टीडीआर म्हणतात. तिकीट जमा केल्याची पावती, असा त्याचा मूळ अर्थ. खिडकीवरच्या तिकिटांच्या काळात परताव्याचा निर्णय जागच्या जागी करता येत नसेल, तर तिकीट ठेवून घेऊन अशी पावती देत. आता जमा करायला कागदच नाही, पण नाव तेच राहिलं.

फलाटावर परत येऊ. साडेसातला मावसभाऊ म्हणाला, "दादा, आत्ताच टाकतो दावा. चार तास लेट दाखवतंय." मी त्याला थांबवलं. अ‍ॅपवरची पुढची वेळ हा अंदाज असतो. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरची गाडी कुठल्या स्टेशनात थांबवली, यावर अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो. गाडीनं वेळ भरून काढली आणि ती दोन तास पन्नास मिनिटांच्या उशिरानं सुटली, तर दावा फेटाळला जाणार, कारण निर्णय अंदाजावर होत नाही, रेल्वेकडे नोंदलेल्या प्रत्यक्ष वेळेवर होतो. आणि तोवर आपण फलाट सोडून घरी पोचलेलो.

म्हणून अंदाजाऐवजी गाडी शेवटच्या कुठल्या स्टेशनावरून सुटली, ते बघावं. ही नोंद घडून गेलेल्या गोष्टीची असते. पावणेनऊला आमची गाडी चिपळूण सोडत होती. चिपळूण ते रत्नागिरी हे पंच्याहत्तर किलोमीटरांचं अंतर. घाट, बोगदे आणि पावसातला कमी वेग धरला तर सव्वा तासाच्या आत ती येणं शक्य नव्हतं. म्हणजे दहाच्या आधी नाही. आमची तीन तासांची रेघ होती ९ वाजून २० मिनिटांची. आता खात्री झाली. तरीही आम्ही ती रेघ ओलांडेपर्यंत थांबलो, कारण हाताशी वेळ होता. गाडी रेघेच्या जवळपास येणार असती, तर इतकं थांबणं धोक्याचं ठरलं असतं. मग शेवटचं स्टेशन सुटलेलं बघून, अंतराचा हिशोब करून, थोडं आधीच दावा करणं शहाणपणाचं.

उशीर मोजायचा तो तुम्ही ज्या स्टेशनावरून चढणार तिथला. गाडी मूळ स्टेशनावरून साडेतीन तास उशिरा निघाली आणि तुमच्यापर्यंत येताना पावणेतीन तासांवर आली, तर तुम्ही नियमात बसत नाही. उलट गाडी मूळ स्टेशनावरून वेळेवर निघाली आणि वाटेत अडकून तुमच्याकडे चार तास उशिरा आली, तर बसता. आणि गाडी तुमच्याकडून वेळेवर सुटून मुक्कामाला आठ तास उशिरा पोचली, तर भाड्यातला एक रुपयाही परत मिळत नाही. हा शेवटचा भाग मला अन्यायाचा वाटतो. प्रवाशाचा वेळ फलाटावर गेला काय की डब्यात गेला काय, गेला तो गेलाच. आयआरसीटीसी स्वतः चालवत असलेल्या तेजस गाड्यांवर, लखनौ–दिल्ली आणि अहमदाबाद–मुंबई या मार्गांवर, उशिरा पोचल्याबद्दल प्रवाशाला भरपाई मिळत असे. एका तासावर उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांवर २५०. ती योजना २०२४ मध्ये बंद करण्यात आली. चांगली गोष्ट देशभर पसरायच्या ऐवजी होती तिथूनही गेली.

९ वाजून २५ मिनिटांनी मावसभावानं खातं उघडलं. चार्ट केव्हाच लागलेला असल्यामुळे तिकीट रद्द करायची नेहमीची सोय बंद झाली होती आणि त्याची गरजही नव्हती. `My Transactions` मध्ये `File TDR` असं एक ठिकाण आहे. तिथं पीएनआर निवडला की कारणांची लांब यादी येते. एसी बंद होता, डबा लागलाच नाही, वरच्या वर्गाऐवजी खालच्या वर्गात बसवलं, गाडी वळवली, गाडी मधेच संपवली, अशी कितीतरी कारणं. आपल्याला हवी ती ओळ ही:

`Train Late More Than Three Hours and Passenger Not Travelled`

घाईत माणूस इथं चुकतो. 'प्रवास केला नाही' एवढंच वाचून जवळपासची दुसरी एखादी ओळ निवडतो, आणि मग तपासणारा माणूस त्या दुसऱ्या कारणाची कसोटी लावतो. प्रत्येक कारणाची मुदत वेगळी, पुरावा वेगळा. त्यानंतर कोणकोण गेलं नाही त्यांच्या नावांपुढे खूण करायची. चौघांपैकी दोघे त्याच गाडीनं जाणार असतील तर फक्त न जाणाऱ्या दोघांचीच. चारही नावांवर खूण केली आणि टीसीला दोघे बर्थवर सापडले, तर सगळाच दावा संशयात येतो. आमच्या चौघांच्या नावांवर खूण झाली, दावा पाठवला, त्याची नोंद पडद्यावर आली. पुतणीनं त्या पानाचा आणि गाडीची वेळ दाखवणाऱ्या पानाचा फोटो घेऊन ठेवला. निर्णय रेल्वेच्या स्वतःच्या नोंदींवर होतो, त्यामुळे फोटो निर्णायक नसतो, पण दावा फेटाळला तर भांडायला हाच पहिला कागद.

गाडी १० वाजून ५ मिनिटांनी आली आणि दहाला दहा मिनिटं उलटल्यावर सुटली. आमच्या डब्याच्या दाराशी दोन आरएसीवाले टीसीला घेरून उभे होते. त्यांना आमचे बर्थ मिळाले असतील. मला तेव्हा त्यांच्यासाठी बरं वाटलं, पण इथंही एक अडचण लपलेली आहे. रिकामा बर्थ दुसऱ्याला देताना मूळ प्रवासी आला नाही अशी नोंद व्हावीच लागते. हल्ली टीसीच्या हातात यंत्र असतं, त्यावर ती होते. कधी चुकून मूळ प्रवाशाच्या नावापुढेच 'आले' अशी खूण पडते. मग तुम्ही घरी झोपलेले असता आणि कागदावर तुम्ही गाडीत असता. दावा फेटाळला आणि कारणात प्रवास केल्याचं लिहिलं असेल, तर चूक बहुधा इथं झालेली असते. तेव्हा त्या वेळी आपण दुसरीकडे होतो हे दाखवणारं जे काही असेल, परतीच्या रिक्षाचं बिल असो की दुसऱ्या गाडीचं तिकीट, ते जोडून फेरविचार मागावा.

गाडी उशिरा असणं आणि रद्द होणं यांत प्रवाशानं करायच्या गोष्टी अगदी उलट आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात. उशीर झाला तर धावपळ करून दावा टाकावा लागतो. गाडी पूर्ण रद्द झाली तर काहीच करायचं नसतं. मूळ स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत गाडी रद्द झाल्याची नोंद रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेत झाली, की ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं आणि पूर्ण भाडं ज्या खात्यातून किंवा कार्डावरून गेलं तिथंच परत येतं. टीडीआर लागत नाही.

२०२४ च्या १४ जुलैला संध्याकाळी विन्हेरे आणि दिवाणखवटी या स्टेशनांच्या दरम्यान दरड कोसळली आणि कोकण रेल्वे जवळपास चोवीस तास बंद राहिली. काही गाड्या रद्द झाल्या, काही मधेच संपवल्या, काही पुणे–मिरज–लोंढामार्गे वळवल्या. त्यात माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी बातमी ऐकताच दुसऱ्या दिवशीचं आपलं तिकीट स्वतः रद्द केलं. काही तासांनी त्यांची गाडी अधिकृतपणे रद्द झाली. पण त्यांचं तिकीट तोवर स्वेच्छेनं रद्द केलेलं होतं, म्हणून नेहमीसारखे पैसे कापले गेले, आणि सुटायची वेळ जवळ आली की ही कपात निम्म्या भाड्यापर्यंत जाते. त्यांनी फक्त वाट पाहिली असती तर पूर्ण रक्कम आली असती. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या गाड्या थांबल्या, तेव्हाही प्रवाशांना हेच सांगावं लागलं होतं: स्वतः रद्द करू नका, पैसे आपोआप येतील.

आपली गाडी खरोखर रद्द झाली का, हे बातमीवरून ठरवू नये. पीएनआरची स्थिती आणि १३९ क्रमांक, या दोन ठिकाणी पाहावं.

खरा गोंधळ होतो तो अर्ध्यामुर्ध्या रद्द गाड्यांत. त्या दरडीच्या दिवसांचंच उदाहरण घेऊ. चिपळूणहून मडगावला जाणारा माणूस आहे आणि त्याची गाडी पुण्यावरून वळवली. गाडी धावते आहे, मडगावला पोचतेही आहे, पण चिपळूणला येतच नाही. यंत्रणेच्या लेखी ही गाडी रद्द नाही, त्यामुळे पैसे आपोआप येणार नाहीत. वाट बघत बसलेल्या माणसाला ते कधीच येणार नाहीत. इथं टीडीआर करावा लागतो, आणि कारण निवडायचं ते गाडी वळवल्यामुळे चढायच्या स्टेशनावर आलीच नाही, हे. मुदत ७२ तासांची. गाडी तुमच्या मुक्कामाआधीच संपवली तरी तसाच दावा आहे. मात्र ज्याचा प्रवास वळवलेल्या किंवा कापलेल्या भागात येतच नाही, त्याला काही मिळत नाही, आणि ते बरोबरही आहे.

म्हणून एखादी मोठी आपत्ती झाली की स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझी गाडी पूर्ण रद्द आहे, की माझ्यापुरती रद्द आहे? पूर्ण रद्द असेल तर हात आवरायचे. आपल्यापुरती रद्द असेल तर लगेच दावा करायचा.

गावाकडे आणखी एक अडचण येते. तिकीट ऑनलाइनच असतं, पण ते बाजारातल्या एजंटानं त्याच्या खात्यावरून काढलेलं असतं. दावा ज्या खात्यावरून तिकीट निघालं त्याच खात्यावरून होतो, आणि पैसेही आधी तिथंच येतात. रात्री साडेनऊला एजंटाचं दुकान बंद. माणसाच्या हातात पीएनआर आहे, नियम त्याच्या बाजूनं आहे, आणि तरीही काही करता येत नाही. एजंटाचा फोन नंबर जवळ असणं आणि तो रात्री उचलणारा असणं, हे अशा वेळी तिकिटाइतकंच लागतं. २०१९ च्या ऑक्टोबरपासून अधिकृत एजंटाकडचं तिकीट रद्द झालं की परताव्याच्या रकमेसह एक ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो आणि तो एजंटाला सांगितल्यावर पैसे हातात घ्यायचे असतात. त्यासाठी तिकीट काढतानाच एजंटानं स्वतःचा नाही तर प्रवाशाचा मोबाइल नंबर घातलेला असला पाहिजे. तिकिटाच्या कागदावर तो नंबर छापलेला असतो. दुकानातून बाहेर पडण्याआधी तो आपलाच आहे ना, हे बघायला दहा सेकंद लागतात.

दावा दाखल झाल्यावर मात्र धीर धरावा लागतो. आयआरसीटीसी तो दावा फक्त पुढे पाठवते. निर्णय रेल्वेच्या संबंधित झोनचं दावे आणि परतावे बघणारं कार्यालय घेतं, आणि त्याला किमान साठ दिवस लागतात असं सांगितलं जातं. तिकीट रद्द केल्यावर चार दिवसांत पैसे येण्याची सवय लागलेल्या माणसाला पंधराव्या दिवशी आपली फसवणूक झाली असं वाटायला लागतं. मावसभावाचे रोज फोन. मी सांगायचो, खात्यात `TDR History` बघ, तिथं फेटाळला असं लिहिलेलं नाही ना, मग चाललंय काम.

आणि फेटाळला तर? आधी त्या झोनच्या कार्यालयाकडे कारणासहित फेरविचार मागायचा. त्यानंतरची जागा म्हणजे रेल्वे दावा न्यायाधिकरण. १९८७ च्या कायद्यानं भाड्याच्या परताव्याचे दावे ऐकण्याचा अधिकार त्याला दिलेला आहे, आणि महाराष्ट्रात त्याची खंडपीठं मुंबईत आणि नागपुरात आहेत. दोन-चार हजारांसाठी तिथवर कोणी जात नाही, ही खरी गोष्ट आहे.

उशिरामुळे झालेलं पुढचं नुकसान ही वेगळी बाब. २०१६ च्या जूनमध्ये अजमेर–जम्मू एक्स्प्रेस सुमारे चार तास उशिरा पोचल्यानं एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरला जाणारं विमान चुकलं. त्यांना टॅक्सीनं जावं लागलं. ते ग्राहक मंचात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. टॅक्सीचे १५,००० रुपये, वाया गेलेल्या आरक्षणाचे १०,०००, मनस्तापाचे आणि खटल्याचे प्रत्येकी ५,००० मंजूर झाले होते, ते कायम राहिले. उशीर का झाला आणि तो आपल्या हाताबाहेर होता, हे रेल्वेनं दाखवून द्यायला हवं होतं, ते तिनं केलं नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दरड कोसळल्यावर रेल्वेला कारण दाखवता येतं. नुसत्या ढिलाईनं झालेल्या उशिरात येत नाही. म्हणून भरपाई मागणाऱ्यानं त्या दिवशी उशिराचं काय कारण सांगितलं जात होतं, याची नोंद स्वतःकडे जरूर ठेवावी.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दावा केल्यापासून एकाहत्तराव्या दिवशी, मावसभावाचा फोन आला. खात्यात ३,७६० रुपये जमा झाले होते. "दादा, पस्तीस रुपये चाळीस पैसे कमी आलेत," तो म्हणाला. सुविधा शुल्क परत मिळत नाही, हे मी त्याला सांगितलं. मागून मावशीचा आवाज ऐकू आला. शृंगेरीची तिकिटं आता जानेवारीची काढायची होती, आणि या वेळी ती पुतणीच्या खात्यावरून काढा, तिचा मोबाइल रात्रीसुद्धा चालू असतो, असं ती सांगत होती.